पडद्याची चूण, सोफ्याचा पोत

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात बैठकीच्या खोलीचं एक चित्र हमखास असतं. फरशीत खिडकीचं प्रतिबिंब पडलेलं असतं, लाकडाच्या रेषा जागच्या जागी असतात, कुंडीतल्या झाडाचं पान न् पान मोजता येतं. फोटो आहे की संगणकानं तयार केलेलं चित्र, हे पटकन सांगता येत नाही. मग नजर खिडकीकडे जाते आणि सोंग उघडं पडतं. पडदा एखाद्या पन्हाळी पत्र्यासारखा उभा असतो. वरपासून खालपर्यंत तीच लाट, तेवढीच खोल, तेवढीच रुंद. शेजारचा सोफा फुगवलेल्या रबराचा वाटतो. खोलीतली कठीण वस्तू फसवून जाते आणि कापड मात्र पकडलं जातं.

याचं कारण कापडाच्या स्वभावात आहे. खुर्चीचा आकार सुतार ठरवतो आणि तो तसाच राहतो. पडद्याला स्वतःचा असा आकारच नसतो. कापडाचं वजन, धाग्याचा ताठपणा, शिंप्यानं घातलेल्या चुण्या आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण या सगळ्यांच्या ओढाताणीतून तो घडतो. यातली एक गोष्ट जरी चित्रकाराला कळली नाही, तरी पाहणाऱ्याला खटकतं. नेमकं काय खटकलं, हे त्याला सांगता येत नाही, कारण पडदे तो जन्मभर पाहत आला आहे, पण त्यांच्याकडे बघत कधीच बसलेला नाही.

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीनं आपल्या कॅटलॉगसाठी संगणकावर तयार केलेलं पहिलं चित्र २००६ सालचं. ते ‘बर्टिल’ नावाच्या साध्या लाकडी खुर्चीचं होतं. २०१४ पर्यंत कंपनीची वस्तूंची सुमारे ७५ टक्के चित्रं संगणकावर तयार होऊ लागली होती. सुरुवात लाकडी खुर्चीनं झाली, पण बैठकीची अख्खी खोली दाखवायची तर पडदा, उशी आणि सोफा टाळता येत नाहीत. आज आपल्याकडच्या इंटीरियर डिझायनरलाही ते टाळता येत नाहीत. घरमालकाला काम सुरू होण्याआधी ‘थ्रीडी व्ह्यू’ हवा असतो, आणि तो करणारा बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्या शहरात बसलेला असतो. त्याच्या हातात डिझायनरचं कापड नसतं, फक्त त्या कापडाचं वर्णन असतं.

हे वर्णन साधारण असं येतं: ‘सॉफ्ट, फ्लोइंग पडदे, आत शिअर, प्रीमियम सोफा, लक्झरी लूक.’ यातल्या एकाही शब्दावरून चुणी किती रुंद काढायची, ते कळत नाही. रेशीमही मऊ आणि जुनी सुती चादरही मऊ, पण दोन्ही टांगल्यावर अगदी वेगळी पडतात. थ्रीडी करणारा मग संग्रहातला एखादा तयार पडदा उचलतो, खिडकीच्या मापाला ताणून बसवतो आणि पुढे जातो. पत्रा तिथेच तयार होतो.

वस्त्रशास्त्राला हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. इंग्लंडमधले एफ. टी. पियर्स यांनी १९३० साली कापडाचा ‘हाताला लागणारा गुण’ आकड्यात मांडायचा प्रयत्न केला. कापडाची पट्टी सपाट पृष्ठभागाच्या कडेवरून हळूहळू बाहेर सरकवायची आणि तिचं टोक वाकून ४१.५ अंशांच्या तिरक्या रेषेला टेकलं की थांबायचं. पट्टी जितकी लांब बाहेर आली, तितकं कापड ताठ. पुढे १९६० च्या दशकात कुसिक यांनी याला गोलाईची जोड दिली. १८ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ३० सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड ठेवायचं. बाहेर राहिलेली कड आपल्याच वजनानं खाली लोंबते आणि तिच्यात चुण्या पडतात. तिची सावली कागदावर घ्यायची. सावली मोठी पडली तर कापड ताठ, लहान पडली तर लोंबतं. आजही कापडाचा ‘ड्रेप’ याच तत्त्वानं मोजतात.

डिझायनरकडे हे यंत्र नसतं आणि त्याची गरजही नाही. पण त्यातून एक गोष्ट हाती लागते: कापड कसं पडेल, ते प्रामुख्यानं त्याचं वजन आणि त्याचा ताठपणा या जोडीवर ठरतं. वजन दुकानदार सांगतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम, हा ‘जीएसएम’चा आकडा नमुन्याच्या पुस्तकात छापलेला असतो. ताठपणासाठी एक ओळ पुरते: कापड मुठीत दाबून सोडलं तर घडी राहते की उलगडते.

शिंप्याचा हिशेब

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुण्यातल्या एका टू-बीएचकेची बैठक. खिडकी सहा फूट रुंद, तिच्यावरचा रॉड २१० सेंटिमीटरचा. जमिनीपासून रॉडपर्यंतची उंची २५० सेंटिमीटर. बाहेरचा जाड पडदा २५० जीएसएमचा, आयलेटचा, म्हणजे वर धातूच्या कड्या ठोकलेला. कापडाचा पन्हा ४८ इंची, म्हणजे १२२ सेंटिमीटर.

शिंपी अशा खिडकीला चार पन्हे धरतो, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. दोन पन्हे जोडून आणि कडा दुमडून एका बाजूचा पडदा साधारण २३५ सेंटिमीटर रुंद होतो. तो झाकणार आहे रॉडचा निम्मा भाग, म्हणजे १०५ सेंटिमीटर. कापड जागेच्या सव्वादोन पट झालं. या पटीवरच पडद्याचा सगळा डौल उभा असतो. दीडपट कापडाचा पडदा ओढल्यावर चपटा आणि दरिद्री दिसतो, अडीचपटीत तो भरदार होतो.

आता आयलेट मोजायचे. दोन कड्यांत १५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एका बाजूला १६ कड्या बसतात. ही संख्या सम असावी लागते, तरच पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. दोन कड्यांमागे खोलीच्या बाजूला एक चूण येते, म्हणजे १०५ सेंटिमीटरमध्ये आठ चुण्या. प्रत्येक चूण सुमारे १३ सेंटिमीटर रुंद आणि तिच्यात ३० सेंटिमीटर कापड, म्हणून तिची खोलीही जवळपास १२ सेंटिमीटर. थ्रीडी करणाऱ्याला जे माप हवं होतं, ते हेच. ‘फ्लोइंग’ या शब्दाच्या जागी त्याला कळलं की डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ चुण्या काढायच्या आहेत आणि त्या बारा सेंटिमीटर खोल आहेत. खोली १२ असेल तर रॉड भिंतीपासून किमान आठ सेंटिमीटर पुढे हवा, हेही त्यातूनच निघतं. पुष्कळ चित्रांत रॉड भिंतीला चिकटलेला असतो आणि पडद्याची मागची अर्धी लाट भिंतीत घुसलेली असते. कॅमेऱ्याला ते दिसत नाही, पण सावली चुकते आणि पडदा भिंतीवर रंगवल्यासारखा वाटतो.

या आठ चुण्या फक्त वरच्या टोकाला एकसारख्या असतात. तिथे कड्यांनी त्यांना जखडलेलं असतं. खाली उतरता उतरता एखादी चूण फुगते, शेजारच्या दोन एकमेकींकडे झुकतात, एखादी मध्येच सपाट होते. खालची काठ दुहेरी दुमडलेली असते, सहसा आठ-दहा सेंटिमीटर. तिथे कापड जड आणि ताठ झाल्यामुळे वळण थोडं बदलतं. दोन पन्ह्यांच्या जोडावर उभी शिवण येते आणि तिच्याजवळ कापड किंचित आखडतं. पत्र्यासारख्या पडद्यात नेमक्या याच गोष्टी नसतात, कारण तो एका लाटेची रेषा काढून ती सरळ खाली ओढून केलेला असतो.

खरी चूण हवी असेल तर संगणकात कापड प्रत्यक्ष टांगावं लागतं. बारीक चौकोनांची जाळी करायची, कड्यांच्या जागी ती बांधायची आणि उरलेली गुरुत्वाकर्षणावर सोडायची. डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांच्या १९९८ च्या शोधनिबंधानं हे गणित लांब पावलांनी, म्हणजे वापरण्याजोग्या वेगानं करून दाखवलं. आज ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ते असतं आणि सुरुवातीला सूत, रेशीम, डेनिम असे तयार पर्याय मिळतात. इथे एक खोच आहे. ब्लेंडरमध्ये वजन अख्ख्या कापडाला द्यायचं नसतं, ते जाळीच्या प्रत्येक बिंदूला दिलं जातं. चुण्या बारीक याव्यात म्हणून कुणी जाळी दाट केली की बिंदू वाढतात आणि पडदा न सांगता जड होतो. आपला पडदा २.३५ गुणिले २.५ मीटर, म्हणजे सहा चौरस मीटरच्या आसपास. २५० जीएसएमनं त्याचं वजन भरतं सुमारे दीड किलो. वर्णनात ‘एका बाजूचं वजन दीड किलो’ असं लिहिलेलं असेल, तर समोरच्याला निदान पडताळून पाहता येतं.

एवढं झाल्यावर चित्राची परीक्षा रंग लावायच्या आधीच घ्यावी. सगळी खोली एकाच करड्या रंगात रेंडर करून मागवायची. रंग आणि नक्षी गेली की पडद्याचा खोटेपणा लपत नाही. चुण्या खाली जाताना बदलतात का, काठ जमिनीपासून एखादा सेंटिमीटर वर आहे की फरशीत रुतली आहे, बाजूला सारलेल्या पडद्याचा गठ्ठा खिडकीच्या कडेला दिसतो की पडदा हवेत विरला आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं.

झिरझिरीत म्हणजे किती

आतला पडदा शिअरचा, सुमारे ७० जीएसएमचा. इथे वर्णन करणारे बहुतेक जण ‘अर्धपारदर्शक, ५० टक्के’ असं लिहून मोकळे होतात. थ्रीडी करणारा पडद्याची अपारदर्शकता निम्म्यावर आणतो आणि खिडकीत एक करडं धुकं तयार होतं. त्यात पलीकडचं दिसतं, पण पडदा उजळत नाही.

खऱ्या शिअरमधून उजेड दोन वाटांनी येतो. काही उजेड धाग्यांमधल्या भोकांतून सरळ येतो. पलीकडची इमारत आणि झाड त्यामुळे दिसतं. काही उजेड धाग्यावर आपटतो, धाग्यातून झिरपतो आणि चहूकडे पसरतो. पडदा पांढराशुभ्र पेटल्यासारखा दिसतो तो यामुळे. दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं सांगावं लागतं. ब्लेंडरमध्ये यासाठी `Transparent BSDF` आणि `Translucent BSDF` हे दोन गुणधर्म `Mix Shader` नं मिसळतात. पहिला भोकांचा, दुसरा धाग्यांचा. व्ही-रेमध्ये पातळ कापडासाठी `VRay2SidedMtl` हा वेगळा प्रकारच आहे. काचेचा गुणधर्म शिअरला लावणं ही नेहमीची चूक. काच उजेड वाकवते, कापड वाकवत नाही, आणि अशा पडद्यामागची खिडकीची चौकट वाकडी दिसू लागते.

आता चुण्यांचा मुद्दा पुन्हा येतो. समजा शिअरच्या एका पदरातून ४० टक्के उजेड सरळ पार होतो. चूण वळते तिथे नजरेच्या वाटेत दोन पदर येतात. चाळीस टक्क्यांचे चाळीस टक्के म्हणजे १६. तीन पदर आले तर ६ टक्क्यांच्या थोडंसं वर. म्हणून खऱ्या शिअरमध्ये चुणीचा सपाट भाग पारदर्शक आणि तिच्या कडा दाट दिसतात, आणि पडद्यावर उभे फिकट-गडद पट्टे उमटतात. त्यात भर म्हणजे तिरप्या नजरेला भोकं अरुंद होतात, त्यामुळे चुणीच्या बाजूंना कापड आणखी घट्ट वाटतं. खालची काठ दुहेरी असल्यामुळे तिथेही एक दाट पट्टी हवीच. हे पट्टे वेगळे रंगवावे लागत नाहीत. चुण्या खऱ्या असतील आणि कापड दोन वाटांनी उजेड सोडत असेल, तर ते आपोआप येतात. ते नसले, तर दोन्हीपैकी काहीतरी खोटं आहे.

शिअरचं वर्णन वेळ सांगितल्याशिवाय पुरं होत नाही. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो. आत बसलेल्याला पडद्यातून बाहेरचं फिकं दिसतं आणि रस्त्यावरच्याला आतलं जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण ऊन पडलेले धागेच त्याच्या डोळ्यांवर येतात. रात्री आत दिवे लागले की सगळं उलटं होतं. म्हणून एकाच चित्रात दिवे लावून, संध्याकाळ दाखवून शिवाय शिअरमधून समोरची टेकडी स्पष्ट दाखवली असेल, तर ते फसलंच. दिवसाच्या चित्रात उन्हाकडे तोंड केलेल्या खिडकीतला शिअर खोलीतल्या पांढऱ्या भिंतीपेक्षा कितीतरी उजळ असायला हवा. पुष्कळ चित्रांत पडदा आणि भिंत एकाच पांढऱ्या रंगाची आणि एकाच उजेडाची दिसतात. तिथे डोळा अडतो.

‘सकाळचे दहा, पूर्वेची खिडकी, ऊन थेट पडद्यावर, बाहेरचं झाड रंगांच्या डागांइतकंच दिसावं’ एवढं लिहिलं, तर टक्के न लिहिताही काम होतं.

सोफ्याची वीण कुठपर्यंत दिसते

सोफ्याकडे वळलं की मोह उलट्या दिशेचा असतो. पडद्यात तपशील कमी पडतो, सोफ्यावर तो जास्त होतो. लिननचा सोफा सांगितला म्हणून वीण ठळक दाखवायची आणि मग प्रत्येक धागा दोरीइतका जाड व्हायचा.

हा हिशेब शाळेच्या गणिताचा आहे. चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल आणि त्यात ४५० सेंटिमीटर रुंदीची भिंत मावते, असं धरू. भिंतीच्या एका सेंटिमीटरला साडेआठ पिक्सेल आले. सोफा भिंतीलगत आहे. लिननसारख्या कापडात सेंटिमीटरला दहा धागे असतील, तर एका धाग्याला एक पिक्सेलही मिळत नाही. म्हणजे या अंतरावरून वीण दिसूच शकत नाही. तरीही ती दिसत असेल, तर कुणीतरी २० सेंटिमीटरच्या नमुन्याचा फोटो दोन मीटरच्या सोफ्यावर ताणला आहे आणि एक मिलिमीटरचा धागा एक सेंटिमीटरचा झाला आहे. याउलट बुकले या गाठीगाठींच्या कापडाची एक गाठ पाच-सहा मिलिमीटरची असते. तिला चार-पाच पिक्सेल मिळतात, म्हणून बुकलेचा खडबडीतपणा त्याच चित्रात दिसायलाच हवा. कुठलं कापड दाखवायचं, त्याबरोबर कॅमेरा किती दूर आहे, हे म्हणूनच आधी ठरवावं लागतं.

वीण दिसत नसली तरी कापड ओळखू येतं, कारण ते उजेड कसा परतवतं ते दिसतं. वेल्व्हेट हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. त्याच्यावर लव उभी असते. समोरून पाहिलं तर नजर लवेच्या मुळापर्यंत शिरते, म्हणून रंग गडद लागतो. हाताची गोलाई किंवा उशीची कड तिरप्या नजरेला येते तिथे लवेची टोकं उजेड पकडतात आणि कड चकाकते. प्लॅस्टिकचा चेंडू अगदी उलट वागतो: मध्ये चमक आणि कडेला गडद. ब्रेंट बर्ली यांनी डिस्नेसाठी २०१२ मध्ये मांडलेल्या सर्वसाधारण पृष्ठभागाच्या सूत्रात कापडासाठी `Sheen` नावाचा वेगळा मापदंड ठेवला तो याच कडेच्या उजेडासाठी. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. थोडा लावला की कापड जिवंत होतं, जास्त लावला की सोफ्यावर पीठ सांडल्यासारखी पांढरट कड येते.

लवेला दिशाही असते. हात एका बाजूला फिरवला तर गडद पट्टा उमटतो, उलटा फिरवला तर फिका. कारागीर पाठीवर लव खाली वळवून कापड लावतो. म्हणून वर्णनात ‘वेल्व्हेट, बाटलीहिरवा’ याच्यापुढे ‘पाठीवर लव खाली, बैठकीवर पुढच्या कडेकडे, एका उशीवर हात फिरल्याचा पट्टा’ एवढं जोडलं तर खूप फरक पडतो.

कापडाचा पोत एकदा बसला की शिवणीकडे पाहावं. सोफ्याचं कापड एका तुकड्याचं नसतं. बैठक, पुढची पट्टी, हाताचा वरचा भाग, हाताचा समोरचा भाग असे तुकडे कापून शिवलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्यात ताणा-बाणा आपापल्या दिशेनं धावतो. चित्रात वीण शिवण ओलांडून अखंड वाहत असेल, तर तो सोफा शिवलेला नाही, रंगवलेला आहे. शिवणीला पाइपिंग आहे की साधी दुहेरी टीप, हे लिहावं. उशीचे कोपरे फोमपेक्षा थोडे सैल असतात, तिथे दोन-तीन लहान सुरकुत्या पडतात. बैठक मधोमध किंचित फुगीर असते आणि वापरातल्या सोफ्यात एका जागी बसून बसून थोडी दबलेली. सुरकुत्या सगळीकडे पेरायच्या नसतात. कापड जिथे ताणलेलं आहे तिथे त्या नसतात आणि जिथे दोन तुकडे कोपऱ्यात भेटतात तिथे असतात.

या बैठकीचं सुधारलेलं वर्णन मग असं होतं: ‘जाड पडदा २५० जीएसएम, आयलेट, प्रत्येक बाजूला १६ कड्या, काठ जमिनीपासून एक सेंटिमीटर वर, दहा सेंटिमीटरची दुमड. आत शिअर ७० जीएसएम, अडीचपट, सकाळचं थेट ऊन, बाहेरचं फक्त डागांपुरतं. सोफा तीन बैठकींचा, बाटलीहिरवा वेल्व्हेट, लव खाली, शिवणीला पाइपिंग, डावीकडची बैठक जरा दबलेली.’ सोबत कापडाच्या तुकड्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो, त्याच्या शेजारी फूटपट्टी ठेवून. फूटपट्टी नसेल तर धागा किती मोठा, हे पुन्हा अंदाजावरच येतं.

एवढं करूनही शेवटच्या टप्प्यावर एक गोष्ट बिघडू शकते. शिअरमधून येणारा पसरट उजेड संगणकाला मोजायला जड जातो आणि चित्रात दाणे उरतात. वेळ वाचवण्यासाठी ते दाणे पुसणारं ‘डीनॉइझर’ चालवलं जातं. दाणे आणि बारीक वीण यांतला फरक त्याला नेहमीच कळतो असं नाही. तो बुकलेच्या गाठी सपाट करतो, शिअरचे बारीक पट्टे विरघळवतो. म्हणून आलेलं चित्र मोबाइलवर पाहून मंजूर करू नये. संगणकाच्या पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडून सोफ्याचा हात आणि शिअरची खालची काठ, या दोन जागा आधी तपासाव्यात. तिथे पोत पुसला गेला असेल, तर पडदे आणि सोफा एवढाच भाग जास्त वेळ देऊन पुन्हा रेंडर करून मागता येतो. सगळी खोली पुन्हा करावी लागत नाही.